‘सुरक्षित काळ’ कितपत सुरक्षित?

१९५२ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील रामनगरम या गावी आणि दिल्लीच्या लोदी कॉलनीत काही विवाहित स्त्रियांच्या हाती रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. या माळा जपासाठी नव्हत्या. त्यांतील नारिंगी मणी पाळीच्या दिवसांचे, हिरवे मणी निर्धास्त दिवसांचे आणि तांबडे मणी गर्भधारणेचा संभव असलेल्या दिवसांचे होते. स्त्रीने रोज एक मणी सरकवावा आणि तांबड्या मण्यांच्या दिवसांत पतिपत्नींनी संयम पाळावा, एवढीच अपेक्षा होती. केंद्रीय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या कारकीर्दीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, अमेरिकेतील डॉक्टर अब्राहम स्टोन यांच्या मार्गदर्शनाखाली हा प्रयोग सुरू झाला.

सरकारने हीच पद्धत प्रथम का निवडली हे समजण्यासारखे आहे. तिला औषध लागत नाही, साधन लागत नाही, खर्च जवळजवळ नाही. महात्माजींच्या संयमाच्या शिकवणीशी ती फारशी विसंगत नव्हती, आणि ज्या कॅथलिक धर्मपीठाला अन्य साधने मान्य नव्हती त्यालाही तिच्याविषयी आक्षेप नव्हता. प्रयोग मात्र फळाला आला नाही. मणी सरकवायचे राहून जात, अंधारात रंग ओळखता येत नसत, चारचौघांत माळ बाळगण्याचा संकोच वाटे. आणि माळ बिनचूक असली तरी तिचे ऐकणे दोघांच्या हाती असे. पुढे शासनाने अन्य साधनांची कास धरली. परंतु पद्धत स्वतः मागे पडली नाही. आज ती पुष्कळ घरांत कानोपकानी चालते आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही चालते. म्हणूनच तिचा पाया काय, ती कोठे घसरते आणि कोणाच्या उपयोगी पडते, हे नीट पाहण्याजोगे आहे.

पायाचे सत्य एका वाक्यात सांगता येते. एका ऋतुचक्रात स्त्रीच्या बीजांडकोशातून सामान्यतः एकदाच बीज बाहेर पडते आणि ते जास्तीत जास्त एक दिवस फलनक्षम राहते. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र अनुकूल स्थितीत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. तेव्हा बीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच दिवस, असे सुमारे सहाच दिवस गर्भधारणेचे असतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात ॲलन विल्कॉक्स व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २२१ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तेथेही गर्भ राहिला तो या सहा दिवसांतील समागमापासूनच. हे सहा दिवस नेमके कोणते, एवढे आधी कळले असते तर प्रश्न तेथेच संपला असता. अडचण अशी की बीज सुटण्याचा दिवस आधी कळत नाही.

या बाबतीत मानवाची समजूत किती वेळा चुकली आहे हे पाहणे उद्‌बोधक आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील कित्येक डॉक्टर पाळीच्या आसपासचे दिवस गर्भधारणेचे आणि दोन पाळ्यांमधले दिवस निर्धास्त, असे सांगत असत. म्हणजे ज्या दिवसांत सर्वाधिक धोका तेच दिवस ते सुरक्षित म्हणून दाखवीत. आपल्या धर्मशास्त्रांनी ऋतुकाल सोळा रात्रींचा मानला आणि त्यांतील पहिल्या चार वर्ज्य केल्या. तो हेतू संततीच्या इच्छेचा होता. खरा उलगडा विसाव्या शतकात झाला. जपानमधील डॉक्टर क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ साली आणि त्यानंतर ऑस्ट्रियातील डॉक्टर हेर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की बीज सुटण्याचा दिवस मागच्या पाळीपासून मोजायचा नसून पुढच्या पाळीपासून उलट मोजायचा असतो. पुढची पाळी येण्याच्या सुमारे चौदा दिवस आधी बीज सुटते. पाळी लांबो वा आखूड होवो, हा शेवटचा भाग त्यामानाने स्थिर असतो. ओगिनो यांना हे ज्ञान अपत्यहीन दांपत्यांना अपत्यप्राप्ती व्हावी म्हणून हवे होते. गर्भ टाळण्यासाठी लोक त्याचा उपयोग करू लागले तेव्हा ते स्वतः त्यावर नाराज होते. या एका गोष्टीत पुष्कळ अर्थ आहे.

कारण पुढची पाळी केव्हा येणार हे ती आल्याखेरीज निश्चित कळत नाही. गणिताने पद्धत चालवणारा मनुष्य मागच्या महिन्यांवरून पुढच्या महिन्याचा अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजावर घरातील पुढचे मूल अवलंबून असते.

एक उदाहरण घेऊन हे गणित प्रत्यक्ष मांडून पाहू. एका गृहिणीने सहा महिने नोंद ठेवली अशी कल्पना करावी. पाळीचा पहिला दिवस तो चक्राचा पहिला दिवस. पाळी संपल्याच्या दिवसापासून मोजणे ही सर्वांत सामान्य चूक होय. तिची सहा चक्रे अनुक्रमे २६, २९, २७, ३१, २८ आणि २८ दिवसांची भरली. नियम असा की सर्वांत लहान चक्रातून १८ वजा करावे आणि सर्वांत मोठ्या चक्रातून ११ वजा करावे. २६ मधून १८ गेले, ८ उरले. ३१ मधून ११ गेले, २० उरले. म्हणजे आठव्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून, तेरा दिवस वर्ज्य. पाळीचे चारपाच दिवसही सोडले तर अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात जेमतेम दहा दिवस उरतात. आता ही वजाबाकी आली कोठून? बीज पुढच्या पाळीच्या बारा ते सोळा दिवस आधी सुटते असे ओगिनो यांनी मानले. लहान चक्रातून १६ आणि शुक्रजंतूंच्या आयुष्याचे २ मिळून १८ वजा केले. त्या काळी शुक्रजंतू दोनतीन दिवसच टिकतात अशी समजूत होती. आज ते पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात हे ठाऊक असल्यामुळे, दक्ष शिक्षक १८ ऐवजी २० वजा करतात.

सातव्या महिन्यात या गृहिणीच्या घरी आजारपण आले, जागरणे झाली, आणि चक्र ३५ दिवसांचे झाले. बीज सुमारे एकविसाव्या दिवशी सुटले. म्हणजे त्या महिन्यातील गर्भधारणेचे सहा दिवस सोळाव्यापासून एकविसाव्यापर्यंतचे होते. गणिताने तर एकविसावा दिवस निर्धास्त ठरवला होता! तेरा दिवस कसोशीने संयम पाळलेले दांपत्य नेमके त्याच दिवशी एकत्र आले. येथे कोणाचीही हयगय झाली नाही. सर्व नियम पाळले गेले आणि तरीही गर्भ राहिला. उलट एखाद्या महिन्यात चक्र २३ दिवसांचे झाले असते तर बीज नवव्या दिवशी सुटले असते आणि चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे, माळेवर हिरवे दिसणारे, चार दिवस धोक्याचे ठरले असते. असे महिने अपवादात्मक नाहीत. विल्कॉक्स यांच्याच नोंदींच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत असे आढळले की ज्यांचे सहाही दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आत बसले अशा स्त्रिया सुमारे ३० टक्केच होत्या. ‘मधले आठ दिवस सांभाळले की झाले’ हा जो शेजारणींचा सल्ला असतो, त्याचे मोल यावरून कळून येईल.

गणिताचा हा दोष शरीराच्या खुणा पाहून पुष्कळ प्रमाणात भरून काढता येतो. खुणा मुख्यतः दोन. पहिली स्रावाची. बीज सुटण्याचे दिवस जवळ आले की गर्भाशयमुखातून येणारा स्राव वाढतो, पातळ व पारदर्शक होतो, कच्च्या अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा बोटांमध्ये ताणला जातो, आणि ती जागा ओली व निसरडी जाणवते. बीज सुटल्यावर तो पुन्हा घट्ट होतो किंवा आटतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे डॉक्टर जॉन बिलिंग्ज व त्यांच्या पत्नी डॉक्टर एव्हलिन बिलिंग्ज यांनी १९५३ पासून पुढे या खुणेवर आधारलेली पद्धत सिद्ध केली. दुसरी खूण उष्णतामानाची. सकाळी जाग येताच, अंथरुणातून उठण्यापूर्वी, रोज ठरावीक वेळी ताप मोजला तर बीज सुटल्यानंतर तो सुमारे ०.२ अंश सेल्सिअस किंवा थोडा अधिक चढतो आणि पुढची पाळी येईपर्यंत चढलेलाच राहतो. आधीच्या सहा दिवसांपेक्षा वरचे असे लागोपाठ तीन आकडे मिळाले आणि स्राव आटूनही तीन दिवस झाले, की या दोहोंत जी तारीख मागाहूनची असेल त्या दिवसाच्या संध्याकाळपासून पुढे निर्धास्त मानावे.

त्या गृहिणीच्या सातव्या महिन्यात या खुणांनी काय सांगितले असते? विसाव्या दिवशी गणित संपले, पण ओलसर स्राव चालूच होता आणि ताप चढलेला नव्हता. म्हणजे बीज अद्याप सुटलेले नाही, थांबावे, असा स्पष्ट इशारा तेथे होता. ताप बाविसाव्या, तेविसाव्या व चोविसाव्या दिवशी चढा दिसला असता, आणि चोविसाव्या दिवसाच्या संध्याकाळनंतर, स्रावाची खूणही जुळत असल्यास, धोका टळला असे म्हणता आले असते. तथापि एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. उष्णतामान बीज सुटून गेल्याचे सांगते, सुटणार असल्याचे सांगत नाही. चक्राच्या पूर्वार्धातील दिवसांविषयी ते मुके असते. शिवाय सर्दीताप, रात्रपाळी, अपुरी झोप यांनी त्याचे आकडे बिघडतात. आणि ‘अंगावरून पांढरे जाण्याचा’ विकार असेल तर स्रावाची खूण ओळखणे दुरापास्त होते. समागमानंतर राहिलेला ओलावाही दुसऱ्या दिवशी फसवतो.

आता प्रत्यक्ष अपयश किती? येथे दोन निरनिराळे आकडे असतात आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच पुष्कळ दिशाभूल होते. एक आकडा नियम तंतोतंत पाळणाऱ्यांचा. दुसरा, चुकणाऱ्या, विसरणाऱ्या, कधी मोह न आवरणाऱ्या सर्वसामान्य माणसांचा. जागतिक आरोग्य संघटनेने स्रावाच्या पद्धतीची पाहणी ऑकलंड, बंगलोर, डब्लिन, मनिला आणि एल साल्वादोरमधील सान मिगेल अशा पाच ठिकाणी केली. तिचे निष्कर्ष १९८१ साली बाहेर आले. बहुसंख्य स्त्रिया, त्यांत अल्पशिक्षितही, आपल्या खुणा ओळखावयास शिकल्या. म्हणजे अडाणीपणा हे अपयशाचे कारण नव्हते. तरीसुद्धा वर्षभरात १०० पैकी सुमारे २० हून अधिक स्त्रियांना गर्भ राहिला. पुढे १९९० साली जेम्स ट्रसेल व लॉरेन्स ग्रमर-स्ट्रॉन यांनी तीच माहिती नव्या रीतीने मांडली तेव्हा चित्र स्वच्छ झाले. वर्षभर नियम तंतोतंत पाळले तर १०० पैकी सुमारे ३ गर्भ. दर महिन्यास नियम मोडत राहिले तर १०० पैकी ८६. काहीच उपाय न करणाऱ्यांत हाच आकडा ८५ च्या आसपास असतो!

हा निष्कर्ष चमत्कारिक वाटला तरी त्याचे कारण सोपे आहे. अन्य साधनांत चूक झाली तरी ती बहुधा बेताल दिवशी होते. एखादे दिवशी निरोधाचा विसर पडला तर तो दिवस धोक्याचाच असेल असे नाही. येथे मात्र नियम मोडणे म्हणजे, व्याख्येनेच, धोक्याच्या दिवशी एकत्र येणे. तेव्हा ही पद्धत क्षमाशील नाही. ‘एखाद्या वेळेस काय बिघडते’ असे म्हणणाऱ्यास तिने दिलेले उत्तर फार कठोर असते.

रामनगरमच्या माळेचा अवतार आजही पाहावयास मिळतो. अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाने बत्तीस मण्यांची माळ तयार केली. तिच्यात पहिला मणी तांबडा, नंतर तपकिरी, आणि आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंतचे बारा मणी पांढरे. पांढऱ्या मण्यांचे दिवस वर्ज्य. भारतात ती ‘मालाचक्र’ या नावाने परिचित झाली. बोलिव्हिया, पेरू आणि फिलिपिन्स येथील ४७८ स्त्रियांवर घेतलेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, नियम पाळले असता वर्षाला १०० पैकी ५ हून कमी आणि सर्व वापर धरता सुमारे १२ गर्भ राहिले. मात्र एक अट या माळेच्या पाठीशी सदैव असते: चक्र २६ ते ३२ दिवसांच्या दरम्यानच असले पाहिजे. वर्षात दोनदा ते या मर्यादेबाहेर गेले तर माळ बाजूस ठेवून अन्य उपाय शोधावा.

सर्वांत चांगला आकडा जर्मनीतील आहे. स्राव व उष्णतामान या दोन्ही खुणा एकत्र पाहणाऱ्या ९०० स्त्रियांची दीर्घकाळ नोंद ठेवलेली पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. त्यात नियम काटेकोर पाळणाऱ्यांत वर्षाला १०० पैकी ०.४, आणि सर्व मिळून १.८ गर्भ आढळले. पण या स्त्रिया स्वेच्छेने आलेल्या, प्रशिक्षित शिक्षकांकडून शिकलेल्या आणि रोज तक्ता भरणाऱ्या होत्या. हा आकडा त्यांचा आहे. कानावर आलेल्या माहितीवर विसंबणाऱ्या घराचा नव्हे. अमेरिकेचे सरकारी आरोग्यखाते या सर्व पद्धतींसाठी एकत्र मिळून २ ते २३ एवढा विस्तीर्ण पल्ला देते, तो याचमुळे. तुलनेसाठी, सर्वसामान्य वापरात निरोधाचा आकडा १३ च्या, गोळ्यांचा ७ च्या आसपास आणि तांबीचा १ हून कमी असतो. भ्रमणध्वनीवरील गणक केवळ पाळीच्या तारखा विचारत असेल, तर तो ओगिनोंचीच वजाबाकी किंवा तिचाच एखादा प्रकार भराभर करतो, एवढेच. वजाबाकी बरोबर असली तरी पुढचा महिना त्याला दिसत नाही.

मग ही पद्धत कोणास मानवेल? ज्या स्त्रीची पाळी बऱ्यापैकी नियमित आहे, जिला रोज दोन मिनिटे नोंदीस देता येतात, आणि जिचा पती तक्ता पाहून स्वतः थांबतो, अशा घरात तिचा उपयोग होऊ शकतो. धोक्याच्या दिवसांत संयमाऐवजी निरोध वापरणारी दांपत्येही पुष्कळ आहेत. मात्र त्या दिवसांतील सर्व भरवसा मग निरोधावर असतो. औषध वा साधन नको असणाऱ्यांना, धर्मबुद्धीने अन्य उपाय वर्ज्य मानणाऱ्यांना, किंवा दोन मुलांमध्ये अंतर हवे असून वर्ष सहा महिने आधी मूल झाले तरी चालेल अशांना ती योग्य आहे.

कोणास मानवणार नाही, हे त्याहून महत्त्वाचे. नुकती प्रसूत झालेली व अंगावर पाजणारी स्त्री या गणितात बसत नाही, कारण पहिली पाळी येण्यापूर्वीच बीज सुटू शकते; पाळी आली नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्या कितीतरी स्त्रियांना पुन्हा दिवस गेले आहेत. पाळी नुकती सुरू झालेल्या मुली, चाळिशी ओलांडलेल्या स्त्रिया, बीजांडकोशाचे वा थायरॉइडचे विकार असलेल्या स्त्रिया यांची चक्रे बेभरवशाची असतात. गोळ्या नुकत्याच सोडलेल्या स्त्रीने चक्र पूर्ववत होईपर्यंत थांबावे. गोळ्यांवर असताना येणारी पाळी ही नैसर्गिक पाळी नसल्याने तिच्या तारखा हिशेबात धरता येत नाहीत. वर्षातून दोनदा रजेवर घरी येणाऱ्या सैनिकाला तक्ता सांगेल ते दिवस निवडता येत नाहीत. आणि ज्या घरात पत्नीच्या ‘नको’ला मान नाही, तेथे माळेतील तांबडे मणी केवळ शोभेचे. हृदयविकारासारख्या कारणाने गर्भ राहणे ज्या स्त्रीच्या जिवावर बेतू शकते, किंवा जिचे औषध गर्भास घातक आहे, तिने या पद्धतीवर विसंबू नये. तिने वैद्यकीय सल्ल्याने अधिक खात्रीचे साधन घ्यावे. संसर्गजन्य रोगांपासून ही पद्धत मुळीच संरक्षण देत नाही, हेही विसरता कामा नये.

चूक झालीच तर वेळ दवडू नये. समागमानंतर शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत, तातडीची गोळी घेता येते. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेणे हा त्याहून खात्रीचा उपाय होय. तातडीची गोळी घेतल्यावर मात्र त्या महिन्याच्या खुणा व तारखा बिघडतात, म्हणून ते चक्र हिशेबाबाहेर ठेवावे. पाळी ठरल्या दिवसापेक्षा आठवडाभर लांबली तर लघवीची तपासणी करून घ्यावी.

पद्धत सुरू करू इच्छिणाऱ्या दांपत्याने आधी किमान सहा महिने नुसती नोंद करावी आणि तोपर्यंत अन्य उपाय चालू ठेवावा. त्या सहा महिन्यांत लहानात लहान व मोठ्यात मोठे चक्र यांत आठ दिवसांहून अधिक अंतर पडले, किंवा तक्त्यात चारपाच ठिकाणी कोरी जागा राहिली, तर उत्तर मिळालेच असे समजावे. ज्यांच्या हातून नोंदच पुरी होत नाही त्यांच्या हातून संयमही पुरा होणे कठीण, आणि सातवा महिना ३५ दिवसांचा निघणार नाही असे वचन कोणताही तक्ता देत नाही.